एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट? नव्या १४४०पी मॉनिटरसाठी केबल निवडताना

शब्दजुळणी, फोंडा

नमस्कार. मी घरूनच पुस्तकांची आणि देवस्थानांच्या स्मरणिकांची पानजुळणी करते. गेल्या आठवड्यात नवा मॉनिटर घेतला. तो २७ इंची आहे, त्याचे रिझोल्यूशन २५६० बाय १४४० आहे आणि खोक्यावर १८० हर्ट्झ असे ठळक छापलेले आहे. मागच्या बाजूला दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट आहे, पण खोक्यात केबल मिळाली ती फक्त एचडीएमआयची. संगणकात एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० कार्ड आहे आणि त्याला एक एचडीएमआय व तीन डिस्प्लेपोर्ट आहेत.

मिळालेली केबल लावली आणि चित्र लगेच आले, परंतु दोन गोष्टी खटकत आहेत. संध्याकाळी याच संगणकावर खेळणारा माझा मुलगा सांगतो की विंडोज सुरुवातीला ६० हर्ट्झवर होते, त्याने ते १४४ वर नेले, मात्र यादीत १८० चा पर्यायच नाही. दुसरी गोष्ट माझ्या कामाची आहे. पांढऱ्या पानावरचा काळा मजकूर मला जुन्या मॉनिटरपेक्षा किंचित राखाडी दिसतो, जणू पानावर धुके पसरले आहे. म्हापशाच्या ज्या दुकानातून मॉनिटर घेतला, तेथे विचारले असता "दोन्ही केबली सारख्याच" असे उत्तर मिळाले. डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी विकत घेण्यात खरोखर काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बार्देशी

ताई, दुकानदाराचे म्हणणे चुकीचे नाही. दोन्ही केबलींमधून आकडेच जातात, त्यामुळे एकीतून रंग चांगले आणि दुसरीतून वाईट असे होत नाही. आपली अडचण केबलच्या दर्जाची आहे. मॉनिटरसोबत येणारी केबल साधी असते. आपल्या कार्डाचे एचडीएमआय २.१ आहे, तेव्हा ज्या केबलवर "अल्ट्रा हाय स्पीड" असे लिहिलेले असते ती घ्या. तिच्यातून ४८ गिगाबिट जातात आणि ती लावल्यावर १८० चा पर्याय आपोआप दिसू लागेल. डिस्प्लेपोर्टच्या मागे लागण्याचे कारण नाही.

खाडीकाठ, पणजी

मी पणजीत काही कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो आणि हाच प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. बार्देशीबाब, आपल्या उत्तराचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे, परंतु दुसऱ्या भागामुळे ताईंचे पैसे वाया जातील. केबल कितीही रुंद रस्त्याची आणली, तरी तिच्या दोन टोकांना असलेल्या पोर्टांपैकी जे कमी क्षमतेचे असेल त्याच्यापलीकडे काही जात नाही. कार्डाकडचे टोक २.१ आहे हे खरे, पण मॉनिटरकडचे टोक काय आहे? या किमतीतल्या बहुतेक १४४०पी मॉनिटरांवर ते २.० असते, आणि ताईंच्या मुलाला दिसलेला १४४ हा आकडा तेच सांगतो आहे.

हिशेब करून पाहू, म्हणजे अंदाजाने बोलावे लागणार नाही. २५६० गुणिले १४४० म्हणजे एका चित्रात ३६,८६,४०० पिक्सेल. सेकंदाला १४४ चित्रे म्हटली की सुमारे ५३ कोटी पिक्सेल होतात, आणि प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट धरले तर सेकंदाला १२.७ गिगाबिट होतात. याशिवाय प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी रिकामी जागा पाठवावी लागते, ती धरून आकडा साधारण १४ च्या आसपास जातो. एचडीएमआय २.० च्या पोर्टावर १८ गिगाबिट लिहिलेले असते, परंतु त्यात दर आठ बिटांसाठी दहा बिट पाठवले जातात, त्यामुळे चित्रासाठी प्रत्यक्षात १४.४ उरतात. म्हणजे १४४ हर्ट्झ जेमतेम बसते. आता हाच हिशेब १८० ने करा. रिकामी जागा न धरताच १५.९ गिगाबिट होतात. ते १४.४ मध्ये बसणे शक्य नाही, म्हणून विंडोज तो पर्यायच दाखवत नाही.

डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये चित्रासाठी २५.९ गिगाबिट मिळतात, त्यामुळे १८० हर्ट्झ तेथे अडचणीशिवाय चालते. ताईंनी मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतले जुळणीचे पान उघडून पाहावे. तेथे बहुधा प्रत्येक पोर्टापुढे वेगळा रिफ्रेश रेट छापलेला असेल. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा त्यातल्या एकाच पोर्टाचा असतो.

आणखी एक सावधगिरी सांगून ठेवतो. माहितीपुस्तिकेत "एचडीएमआय २.१" असे छापलेले असले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. त्या आवृत्तीतली बरीच वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत, त्यामुळे २.० इतकाच वेग देणाऱ्या पोर्टावरही २.१ असे लिहिलेले आढळते. आवृत्तीचा क्रमांक बाजूला ठेवून त्या पोर्टापुढचा हर्ट्झचा आकडाच वाचावा.

कोलवेकर

माझाही हाच प्रश्न आहे. दिवाणखान्यात ५५ इंची टीव्ही आहे आणि संगणक आतल्या खोलीत आहे. मधले अंतर दहा मीटर आहे. खाडीकाठबाब, आपण म्हणता त्याप्रमाणे डिस्प्लेपोर्ट अधिक क्षमतेचे असेल, तर मी टीव्हीसाठी दहा मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल घ्यावी काय? शिवाय साउंडबारलाही आवाज पोहोचायला हवा.

आमचे घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. सध्याच्या एचडीएमआय केबलवर चित्र अधूनमधून सेकंदभर काळे होते आणि परत येते. खाऱ्या हवेने केबलची टोके खराब होतात का, हेही जाणून घ्यायचे आहे.

खाडीकाठ, पणजी

कोलवेकर, या धाग्यातला प्रश्न टेबलावरच्या मॉनिटरचा आहे, टीव्हीचे गणित वेगळे असते. घरगुती टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळजवळ कधीच नसते, आणि टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज उलट पाठवण्याची सोय ही एचडीएमआयचीच आहे. आपल्याला एचडीएमआयशिवाय पर्याय नाही. दहा मीटरसाठी आतून काचतंतूची असलेली, दोन्ही टोकांवर दिशा छापलेली केबल घ्यावी आणि ती त्याच दिशेने लावावी. उलटी लावली तर चित्र येत नाही.

सेकंदभर काळे होण्याबद्दल मात्र सांगतो, कारण ते मॉनिटरवाल्यांच्याही उपयोगाचे आहे. केबल आपल्या क्षमतेच्या काठावर चालत असेल, तर चित्र हळूहळू बिघडत नाही. ते उत्तम दिसते आणि मध्येच पूर्ण जाते, कारण जोडणी तुटून पुन्हा जुळते. कधीकधी त्याआधी पडद्यावर चमचमते ठिपके दिसतात. याची तपासणी सोपी आहे. रिफ्रेश रेट १२० वरून ६० वर आणा आणि एक संध्याकाळ तसेच वापरा. काळे होणे थांबले, तर पोर्ट ठीक आहे आणि केबलला तो वेग पेलत नाही असे समजावे. ६० वरही तेच घडत असेल, तर टोक सैल आहे किंवा गंजले आहे. खाऱ्या हवेने टोकांवर डाग आलेले मी पाहिले आहेत, परंतु आपल्याकडे दोष हवेचा आहे की दहा मीटर लांबीचा, हे या चाचणीशिवाय सांगता येणार नाही.

शब्दजुळणी, फोंडा

खाडीकाठबाब, पुस्तिकेत आपण म्हणालात तसेच निघाले. एचडीएमआयपुढे १४४ आणि डिस्प्लेपोर्टपुढे १८० असे स्वच्छ छापलेले आहे. इतके दिवस मी ते पान उघडलेच नव्हते. मुलाचा प्रश्न मिटला, पण माझा राखाडी मजकूर तसाच आहे. तोही वेगाच्या मर्यादेमुळेच दिसतो आहे का?

खाडीकाठ, पणजी

नाही ताई, त्याचे कारण वेगळे आहे आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागू नये. टीव्हीच्या जगात काळ्या रंगाचा आकडा १६ आणि पांढऱ्याचा २३५ असतो. संगणकाच्या जगात काळा ० आणि पांढरा २५५ असतो. एचडीएमआयवर जोडलेला पडदा टीव्ही आहे असा कार्डाचा समज झाला, तर ते १६ ते २३५ या मर्यादित पट्ट्यात चित्र पाठवते. मॉनिटर मात्र ० ते २५५ ची अपेक्षा करतो, त्यामुळे त्याला १६ हा काळा वाटत नाही आणि तो गडद राखाडी दाखवतो. आपण धुके म्हणता ते हेच असावे. डिस्प्लेपोर्टवर असे क्वचितच होते, आणि "डिस्प्लेपोर्टचे रंग चांगले" हा समज बहुधा यातूनच पसरला आहे.

एनव्हिडियाच्या नियंत्रण पॅनेलमध्ये `Change resolution` हे पान उघडा. खाली `Use NVIDIA color settings` निवडा. मग `Output dynamic range` असे आहे, तेथे `Limited` असेल तर `Full` करा. त्याच जागी `Output color format` मध्ये `RGB` आहे ना, हेही पाहून घ्या. तेथे `YCbCr422` किंवा `YCbCr420` असेल, तर रंगाची माहिती कमी करून पाठवली जाते आणि बारीक रंगीत अक्षरांच्या कडा पुसट होतात. पानजुळणी करणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच जाणवते.

शब्दजुळणी, फोंडा

`Limited` च होते. `Full` केले आणि धुके त्याच क्षणी गेले. मॉनिटर परत करण्याचे माझ्या मनात पक्के होत आले होते, त्यामुळे आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही.

बार्देशी

केबल बदलून १८० मिळणार नाही हे आता समजले, हिशेब पटला. तरीही माझा एक प्रश्न उरतोच. १४४ आणि १८० यांतला फरक कोणाच्या डोळ्याला दिसतो? पानजुळणीला तर ६० देखील पुरतात. मग हजारभर रुपये डिस्प्लेपोर्टवर का घालावेत?

खाडीकाठ, पणजी

हा प्रश्न रास्त आहे. १४४ ला एक चित्र ६.९ मिलिसेकंद टिकते आणि १८० ला ५.६. हा फरक मला स्वतःला सांगता येत नाही. सराईत खेळाडूंना तो जाणवतो असे ते म्हणतात आणि ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. केवळ या आकड्यासाठी मी कोणाला केबल घ्यायला लावणार नाही.

या घरात डिस्प्लेपोर्टच्या बाजूने याहून बळकट कारण आहे. खेळात कार्ड दर सेकंदाला ठरावीक चित्रे तयार करत नाही. कधी ९० होतात, कधी १३०. मॉनिटर आपल्या ठरलेल्या वेगाने चालत राहिला, तर चित्र मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसते. मॉनिटरने कार्डाच्या गतीशी जुळवून घेतले की ते थांबते. एनव्हिडियाच्या कार्डावर ही सोय अशा मॉनिटरशी डिस्प्लेपोर्टवरून मिळते. एचडीएमआयवरून ती मिळण्यासाठी मॉनिटरच्या बाजूलाही २.१ मधली तीच सोय असावी लागते आणि ताईंच्या मॉनिटरवर ती दिसत नाही. एएमडीचे कार्ड असते तर एचडीएमआयवरूनही बऱ्याच मॉनिटरांवर काम झाले असते, आणि तेव्हा माझे उत्तर "मिळालेली केबलच राहू द्या" असे असते.

म्हणून ताई, केवळ आपल्या कामासाठी एचडीएमआय पुरेसे आहे. मुलगा खेळतो म्हणून दोन मीटरपर्यंतची, व्हेसा प्रमाणित डिस्प्लेपोर्ट केबल घ्यावी. संगणक टेबलाखाली असेल, तर दीड मीटर कदाचित ताणली जाईल, आणि तीन मीटरची या वेगाला नेहमीच पुरते असे नाही.

पेडणेकर

केबल प्रमाणितच घ्या, हे मी स्वतःच्या अनुभवावरून कळकळीने सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी बिननावाची स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबल आणली. चित्र छान आले. पण संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला गेलो, तर पंखा एकदा फिरून थांबत असे. पावसाळ्याचे दिवस होते, आमच्याकडे वीज सतत ये-जा करते, त्यामुळे पॉवर सप्लाय गेला असे समजून मी तो बदलला. दोष तसाच राहिला. शेवटी मॉनिटरची केबल काढली आणि संगणक पहिल्या झटक्यात सुरू झाला. कारण मला आजपर्यंत नीट कळलेले नाही.

खाडीकाठ, पणजी

पेडणेकर, तुमच्या वर्णनावरून संशय विसाव्या पिनवर जातो. डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, आणि ते कार्डाकडेही असतात व मॉनिटरकडेही. ते केबलला चिकटणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरसाठी ठेवलेले आहेत. म्हणूनच दोन यंत्रांना जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ही पिन जोडायची नाही, असा नियम आहे. स्वस्त केबल बनवणारे कधीकधी वीसही तारा सरळ जोडून टाकतात. मग संगणक बंद असतानाही मॉनिटरकडून वीज कार्डात शिरत राहते आणि मदरबोर्ड धड बंदही होत नाही व धड सुरूही होत नाही.

तपासायचे असेल, तर संगणक बंद करून मागचा पॉवर सप्लायचा खटकाही बंद करावा. केवळ संगणक बंद करून मदरबोर्डवरचा दिवा पाहणे पुरेसे नाही, कारण खटका चालू असेपर्यंत तो दिवा एरवीही जळतच असतो. खटका बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबावे. मॉनिटर चालू आहे आणि संगणकातला दिवा अजूनही मंद जळतो आहे, असे दिसले, तर वीज बाहेरून येत आहे. मॉनिटरची यूएसबी केबल लावलेली असल्यास आधी ती काढावी, कारण तिच्यातूनही वीज येऊ शकते आणि दोष भलत्याच केबलवर जातो. तुमची जुनी केबल अजून घरात असेल, तर हे करून पाहा. पॉवर सप्लाय खरोखरच चांगला होता की नव्हता, हे आता सांगणे कठीण आहे.

पेडणेकर

केबल माळ्यावर आहे. चतुर्थीची साफसफाई काढू तेव्हा शोधून पाहीन.

शब्दजुळणी, फोंडा

पणजीहून पावणेदोन मीटरची प्रमाणित केबल आणली. काल संध्याकाळी लावली. विंडोजमध्ये `Settings > System > Display > Advanced display` येथे १८० दिसले, आणि मुलाने एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये चित्र न फाटण्याची ती सोयही सुरू केली. एचडीएमआयवर असताना तो पर्याय तेथे नव्हताच. नियंत्रण पॅनेलमध्ये रंगाचा पट्टा या वेळी आपोआप `Full` होता. खटका बंद केल्यावर मदरबोर्डवरचा दिवाही विझतो, तेही पाहून घेतले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, या केबलच्या टोकाला पोर्टात अडकणारे दोन बारीक हुक असतात. वरचे बटण दाबल्याशिवाय ती ओढू नये, पोर्टच उखडून येईल अशी मला भीती वाटली.

मात्र एक नवी अडचण उद्भवली आहे. जुना २२ इंची मॉनिटर मी शेजारी एचडीएमआयवर ठेवला आहे, रंगांच्या आणि शैलींच्या खिडक्या त्याच्यावर असतात. दुपारी जेवायला उठताना मी नव्या मॉनिटरचे बटण बंद करते. परत येऊन पाहते तो उघडलेली सगळी पाने जुन्या मॉनिटरवर जाऊन बसलेली असतात. एचडीएमआयवर असे होत नव्हते.

खाडीकाठ, पणजी

मॉनिटर बंद झाला की बऱ्याच मॉडेलांमध्ये "मी येथे आहे" असे सांगणारी डिस्प्लेपोर्टची तारही थंड होते, आणि कार्ड समजते की मॉनिटर काढून नेला. एचडीएमआयवर तसे सहसा होत नाही. विंडोज ११ मध्ये `Remember window locations based on monitor connection` असा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते पाहा. त्याने पाने आपल्या जागी परत यायला हवीत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये गाढ झोपेचा काही पर्याय असेल, तर तो बंद करून पाहा.

शब्दजुळणी, फोंडा

विंडोजमधला पर्याय आधीपासूनच चालू होता. पाने परत येतात, पण पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या छोट्या खिडक्या येत नाहीत. मॉनिटरच्या मेनूमध्ये झोपेचा कोणताही पर्याय सापडला नाही.

बार्देशी

ताई, मग बटण दाबूच नका. विंडोजला दहा मिनिटांनी पडदा झोपवू द्या, माझ्याकडे तसे केल्यावर काही हलत नाही. अर्थात माझा मॉनिटर वेगळ्या कंपनीचा आहे, तेव्हा आपल्याकडेही तसेच होईल अशी खात्री मी देत नाही.

शब्दजुळणी, फोंडा

आज दुपारपासून तसे करून पाहते आणि काय झाले ते येथेच लिहिते.